शिल्लक किती, दर काय: बांधकामाची जोखीम-वही

स्टीलच्या दुकानात कोटेशन मागितलं की कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ बहुतेक वेळा असतेच: ‘दर फक्त आजच्या तारखेपुरता.’ दुकानदाराचं त्यात काही चुकत नाही. त्याला उद्याचा माल उद्याच्या दराने भरायचा असतो. पंचाईत होते ती घर बांधणाऱ्याची. त्याचं काम वर्ष-सव्वा वर्ष चालणार असतं आणि सगळा हिशेब उभा असतो तो त्या एका दिवसाच्या दरावर.

२०२२ सालचा उन्हाळा अनेकांना आठवत असेल. एप्रिलमध्ये सळई किलोला पाऊणशे रुपयांच्या वर गेली होती. आता शंभरी गाठणार, असं बाजारात बोललं जात होतं, आणि घाबरून कित्येकांनी पुढच्या दोन-दोन स्लॅबचा माल भरून ठेवला. मग २१ मे रोजी केंद्र सरकारने पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क जाहीर केलं. बाहेर जाणारा माल देशातच राहिला आणि काही आठवड्यांत दर उतरले. नोव्हेंबरमध्ये हे शुल्क मागेही घेण्यात आलं. त्या वर्षी चढत्या दराने जसं पोळलं तसंच घाईच्या खरेदीनेही पोळलं. दोन्हीकडे मूळ अडचण सारखीच होती. कोणत्या दराला काय करायचं हे आधी ठरलेलं नव्हतं, आणि ऐन वेळी ठरवलं ते भीतीने.

हे आधी ठरवून ठेवण्याचं साधन म्हणजे जोखीम-वही. मोठ्या कंपन्या तिला ‘रिस्क रजिस्टर’ म्हणतात आणि त्यांच्या रजिस्टरात शेकडो ओळी असतात. तीन मजली घरासाठी एक वही किंवा एक्सेलचं एक पान पुरतं, मात्र त्यातली प्रत्येक ओळ नीट लिहिलेली हवी. ती कशी लिहायची, हे एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण मी रचलेलं आहे आणि त्यातले दर हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, रीत मात्र तीच राहील.

बाई आणि ठेकेदार

कराडमधल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका वडिलोपार्जित जागेवर तीन मजली इमारत बांधत आहेत. एकूण बांधकाम ५,००० चौरस फूट. ठेकेदार त्यांचाच जुना विद्यार्थी. मटेरियलसकट १,९०० रुपये चौरस फुटाने त्याने काम अंगावर घेतलं आहे, म्हणजे एकूण ९५ लाख. मुदत चौदा महिन्यांची. दर ‘फिक्स’.

“बाई, तुम्ही कशाला काळजी करता? दर वाढले तर माझे वाढतील,” असं तो म्हणाला. कागदावर ते खरं होतं. पण बाईंनी शेजारच्या गल्लीत अर्धवट उभी राहिलेली दोन घरं पाहिली होती. ठेकेदाराचं गणित कोलमडलं की तो आधी माणसं कमी करतो, मग माल हलका आणतो आणि शेवटी फोन उचलायचा बंद होतो. करारात जोखीम कुणाच्या नावावर लिहिली आहे हा एक प्रश्न, आणि ती शेवटी कुणाच्या दारात येऊन बसते हा दुसरा. म्हणून दोघांनी एका शनिवारी बसून एकच वही घातली.

कायदाही इथे ठेकेदाराच्या मदतीला येत नाही. सैन्याला तूप पुरवणाऱ्या एका फर्मने युद्धकाळात खर्च फार वाढला म्हणून केंद्र सरकारकडे जादा रक्कम मागितली होती. अलोपी प्रसाद अँड सन्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. करार पाळणं महाग पडलं एवढ्यावरून करार सुटत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. म्हणजे भाववाढीची सोय करारातच करायला हवी. ती किती आणि कशी करायची, हे वही सांगते.

आधी पायाचा दर

बाईंनी वहीत पहिली ओळ लिहिली, ‘स्टील महाग होईल.’ ठेकेदाराने मान डोलावली. पण या ओळीवरून काहीच करता येत नाही. महाग म्हणजे कोणत्या दरापेक्षा महाग?

ठेकेदाराने अंदाजपत्रकात सळईचा दर ५० रुपये किलो धरला होता, कारण दुकानदार फोनवर तसं म्हणाला होता. त्या पन्नासावर १८ टक्के जीएसटी धरला की ५९ होतात. भाडं आणि हमाली मिळून किलोमागे एक रुपया. माल साइटवर उतरेपर्यंत दर ६० झाला. या घराला चौरस फुटाला ४ किलोच्या ढोबळ हिशेबाने २० टन, म्हणजे २०,००० किलो सळई लागणार आहे. दहा रुपयांच्या फरकाने दोन लाख रुपये अंदाजपत्रकातून गायब होते, आणि बाजारात तर दर एक पैसाही वाढला नव्हता.

लोक ज्याला भाववाढ म्हणतात त्यातला मोठा वाटा असा मुळातल्या चुकीचा असतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर जोखमी लिहायच्या नाहीत, पायाचे दर लिहायचे. प्रत्येक दरासमोर पाच गोष्टी हव्यात: कोणत्या कंपनीचा माल, कोणती जाडी किंवा प्रकार, कर धरून की न धरता, दुकानात की साइटवर पोहोच, आणि तारीख. बाईंच्या पानावर असं आलं: सळई ६० रुपये किलो, सिमेंट ३५० रुपये गोणी, क्रशसँड ५,००० रुपये ब्रास, आणि सगळं कर व भाड्यासह साइटवर पोहोच.

परिमाणही तपासून घ्यावं लागतं. सळई आपण किलोवर विकत घेतो आणि स्लॅबमध्ये बांधतो ती फुटांवर. मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करून त्याला १६२ ने भागलं की एक मीटर सळईचं वजन किलोत मिळतं. बारा मिलिमीटरची बारा मीटर लांब सळई या हिशेबाने सुमारे १०.६७ किलोची होते. भारतीय मानकानुसार या जाडीला पाच टक्के कमी-जास्त वजन चालतं, म्हणजे तीच सळई ११.२ किलोची असली तरी ती नियमात बसते. सगळा माल असा जड आला, तर २० टनांऐवजी २१ टनांचे पैसे मोजावे लागतील, म्हणजे साठ हजार रुपये जादा. पावतीवरचा दर ६०च राहील आणि तरी खर्च वाढलेला दिसेल. म्हणून गाडी आल्यावर वजनकाट्याच्या पावतीवर भागत नाही. प्रत्येक जाडीच्या सळया मोजायच्या आणि हिशेबाने येणारं वजन शेजारी लिहायचं.

एका ओळीत तीन गोष्टी

पायाचा दर ठरल्यावर जोखमीची ओळ लिहिता येते. ओळीत कारण, घटना आणि परिणाम या तिन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. बाईंची ओळ आता अशी झाली: ‘कोळसा, लोहखनिज किंवा सरकारी शुल्कात बदल झाल्याने सळईचा दर पुढच्या सहा महिन्यांत १५ टक्क्यांनी वाढेल, त्यामुळे उरलेल्या २० टनांवर १,८०,००० रुपये जादा लागतील.’

कारण लिहिलं की कुठे नजर ठेवायची ते कळतं. ‘सिमेंट महाग होईल’ या ओळीमागे कंपन्यांनी केलेली दरवाढ असू शकते, वाहतुकीचा खर्च असू शकतो किंवा कर असू शकतो. करातला बदल दोन्ही दिशांनी जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. जुन्या करासह ३५० ला पडणारी गोणी मूळ किंमत तीच राहिली तर सुमारे ३२३ ची होते. गोणीमागे २७ रुपये, आणि २,२०० गोण्यांवर साठ हजारांच्या आसपास. करारात कराबद्दल एक शब्दही नसेल तर हे साठ हजार कुणाचे? मालक म्हणतो माझे, ठेकेदार म्हणतो दर फिक्स होता. कर उतरल्यावर सुरू झालेला असा वाद लवकर मिटत नाही. म्हणून वहीत कराची ओळ वेगळी ठेवायची आणि तिच्यासमोर ‘कर वाढला वा घटला तरी फरक मालकाच्या खात्यावर’ असं साधं वाक्य करारात टाकायचं.

ओळी किती असाव्यात? बाईंनी आधी सतरा लिहिल्या होत्या. खिळे, बाइंडिंग वायर, फेव्हिकॉल असं सगळं त्यात होतं. मग प्रत्येक ओळीसमोर रुपये लिहिले आणि ज्यांचा फटका पंचवीस हजारांच्या आत होता त्या खोडल्या. मोठ्या रकमेच्या चार ओळी उरल्या, शिवाय कराची एक.

फटका आणि शक्यता

आता प्रत्येक ओळीला दोन आकडे लागतात: घडलं तर किती रुपये जातील, आणि घडण्याची शक्यता किती. पहिला आकडा गुणाकाराने मिळतो. दुसऱ्यासाठी बाईंनी एक सोपी युक्ती केली. दुकानदाराकडून गेल्या तीन वर्षांच्या जुन्या बिलांचे दर तीन-तीन महिन्यांच्या अंतराने उतरवून घेतले आणि सहा महिन्यांत दर पंधरा टक्के चढला असे किती प्रसंग आले ते मोजलं. यातून अचूक भाकीत होत नाही, पण ‘मला वाटतं’पेक्षा बरा आधार मिळतो. मग शक्यतेचे तीनच टप्पे ठेवले: दहातून सहा, दहातून तीन, दहातून एक. याहून बारीक आकडे लिहिले तर ते अचूक दिसतात एवढंच, त्यामागे माहिती नसते.

| जोखीम | शिल्लक माल | धरलेली वाढ | फटका (रु.) | शक्यता | तरतूद (रु.) |
|---|---|---|---|---|---|
| सळई | २० टन, ६० रु. किलो | १५% | १,८०,००० | दहातून ३ | ५४,००० |
| सिमेंट | २,२०० गोण्या, ३५० रु. | १०% | ७७,००० | दहातून ६ | ४६,२०० |
| क्रशसँड | ९० ब्रास, ५,००० रु. | २०% | ९०,००० | दहातून ६ | ५४,००० |
| ॲल्युमिनियम खिडक्या आणि तांब्याची वायर | एकूण ७ लाख | १५% | १,०५,००० | दहातून ३ | ३१,५०० |
| एकूण | | | ४,५२,००० | | १,८५,७०० |

शेवटच्या रकान्याची बेरीज १,८५,७०० आहे, म्हणजे ९५ लाखांच्या जवळजवळ दोन टक्के. एवढी रक्कम भाववाढीसाठी बाजूला ठेवायची. अंदाजपत्रकाच्या शेवटी ‘इतर खर्च ५ टक्के’ असं डोळे मिटून लिहिण्याची जी पद्धत आहे, तिच्यापेक्षा ही बेरीज बरी, कारण ती कशातून आली हे दाखवता येतं.

पण या बेरजेत एक फसवी जागा आहे. चारही ओळी एकदमच खऱ्या ठरू शकतात, हे तिच्यात दिसत नाही. प्रत्यक्षात डिझेल महागलं की क्रशसँड, खडी, सिमेंटचं भाडं आणि विटांची गाडी एकदमच महागतात. कोळसा महागला की पोलाद आणि सिमेंट दोन्ही हलतात. वाईट दिवस बहुधा एकटे येत नाहीत. म्हणून बाईंनी वहीत दोन आकडे अधोरेखित केले. दोन लाख ही हाताशी ठेवायची रक्कम. साडेचार लाख हा दुसरा आकडा: हे चारही एकत्र झालं तर एवढे पैसे कुठून येतील, याचं उत्तर तयार हवं. त्यांचं उत्तर होतं एक मुदत ठेव. ती मोडायची वेळ येऊ नये, पण मोडता येईल अशी ठेवायची.

सावध दर

इतकं झालं तरी वही अजून निम्मीच आहे. तिचा उपयोग सुरू होतो पुढच्या तीन रकान्यांपासून: सावध दर, त्या दराला करायचं काम, आणि ते कोण करणार.

सावध दर म्हणजे ज्या आकड्याला पोहोचताच ठरवलेलं काम करायचं तो आकडा. तो फार जवळ ठेवला तर दर आठवड्याला घंटा वाजते आणि मग तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. फार लांब ठेवला तर घंटा वाजेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं. सळईसाठी बाईंनी ६३ धरला, पायाच्या दरापेक्षा पाच टक्के वर. बाजारात रुपया-दीड रुपया रोजच इकडेतिकडे होतो, तेव्हा त्याच्या पलीकडचा हा आकडा. दर शनिवारी ठेकेदाराने त्याच दोन दुकानांना, त्याच कंपनीच्या बारा मिलिमीटरचा, साइटपोहोच दर विचारायचा आणि वहीत तारखेसह लिहायचा. एका शनिवारी एका कंपनीचा आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या कंपनीचा दर लिहिला, तर दिसणारा चढउतार बाजाराचा की कंपनीचा, हे कळत नाही.

आणि काम काय? सगळ्यांना सुचणारं उत्तर म्हणजे माल आधीच भरून ठेवणं. ते प्रत्येक मालाला लागू होत नाही. सिमेंट तीन महिन्यांहून अधिक पडून राहिलं तर ते चाचणी केल्याशिवाय वापरू नये, आणि ओलसर हवेत त्याआधीच गोणीत खडे धरतात. त्यामुळे सिमेंटच्या ओळीत साठा हा उपायच नाही. तिथे दुसऱ्या कंपनीच्या विक्रेत्याशी आधीच दर बोलून ठेवणं एवढंच हातात राहतं. क्रशसँड टिकतं, पण त्याला जागा लागते. वीस ब्रास म्हणजे २,००० घनफूट. चार फूट उंचीचा ढीग घातला तरी पाचशे चौरस फूट जागा अडते आणि पहिल्याच मोठ्या पावसात त्यातलं काही गटारात जातं. तरीही पावसाळ्यात खाणी आणि रस्ते दोन्ही अडतात, म्हणून मे महिन्यात पुढच्या दोन महिन्यांपुरता साठा करणं बाईंनी त्या ओळीत लिहिलं.

सळई साठवता येते, पण फुकट नाही. समजा नऊ टन सळई तीन महिने आधी घेतली. ६० च्या दराने ५,४०,००० रुपये अडकले. वर्षाला १० टक्के व्याज धरलं तर तीन महिन्यांचे १३,५०० होतात, म्हणजे किलोमागे दीड रुपया. त्यावर गंज, राखण आणि चोरीची धास्ती वेगळी. दर दीड रुपयाहून नक्की जास्त वाढणार अशी चिन्हं नसतील, तर आगाऊ खरेदी हा तोट्याचा धंदा आहे. दुकानदाराला उचल देऊन दर बांधून घेणं हा तिसरा मार्ग, पण त्यातून नवी जोखीम जन्मते. दर चढल्यावर दुकानदार ‘वरून मालच येत नाही’ म्हणाला तर? तेव्हा उपायातून निघालेली जोखीमही वहीत नवी ओळ म्हणून लिहायची. बाईंनी त्या ओळीपुढे लिहिलं: उचल एका स्लॅबच्या मालापुरतीच, आणि पावतीवर जाडी, वजन, दर व पोहोचवण्याची तारीख असल्याशिवाय नाही.

करारातला पट्टा

वहीचा सर्वांत मोठा उपयोग झाला तो करार पुन्हा लिहिताना. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदांत सिमेंट आणि स्टीलचे ‘स्टार रेट’ दिलेले असतात. प्रत्यक्ष दर त्यांच्यापासून हलला की फरकाचा हिशेब सूत्राने होतो. खासगी घराला एवढी सूत्रं नकोत, पण कल्पना उसनी घेता येते. दोघांनी सळई आणि सिमेंट या दोनच मालांसाठी पाच टक्क्यांचा पट्टा ठरवला. पायाच्या दराच्या पाच टक्के वर किंवा खाली जे होईल ते ठेकेदाराचं. त्यापलीकडचा फरक बाईंचा, वाढला तर त्या देणार आणि उतरला तर त्यांना मिळणार.

आकड्यांत पाहू. नऊ टन शिल्लक असताना दर ६० वरून ६९ झाला. वाढ किलोला ९ रुपये, एकूण ८१,०००. पट्ट्यातले ३ रुपये ठेकेदाराचे, म्हणजे २७,०००. वरचे ६ रुपये बाईंचे, म्हणजे ५४,०००. कुणालाच आनंद होणार नाही, पण कुणी काम सोडूनही जाणार नाही.

यात एक खाच आहे, ती आधीच बुजवावी लागते. फरक कशावर द्यायचा? आलेल्या बिलांवर द्यायचा ठरवला, तर वाया गेलेल्या आणि दुसऱ्या साइटवर गेलेल्या सळईचाही फरक मालक भरतो. म्हणून करारात लिहिलं: परिमाण इंजिनिअरच्या बार बेंडिंग शेड्यूलप्रमाणे, वर तीन टक्के तुटीचे. बिल फक्त दर आणि तारीख दाखवायला.

ओळ बारीक होत जाते

वही घातल्यावर पुष्कळ ठिकाणी जी चूक होते ती इथे सांगायला हवी. पहिल्या दिवशी लिहिलेला १,८०,००० हा आकडा शेवटपर्यंत तसाच राहतो. खरं तर जोखीम फक्त न घेतलेल्या मालावर असते. या घरात पाया आणि प्लिंथला ६ टन, पहिल्या व दुसऱ्या स्लॅबला प्रत्येकी ५ टन आणि वरच्या स्लॅबला ४ टन सळई होती. प्लिंथ आणि पहिला स्लॅब झाला की ११ टन घेऊन झाले, ९ शिल्लक. त्याच पंधरा टक्क्यांचा फटका आता ८१,०००. दुसऱ्या स्लॅबनंतर तो ३६,००० वर येतो. सळईसाठी राखलेले पैसे त्या प्रमाणात मोकळे होतात आणि नजर खिडक्या-वायरकडे वळवता येते, कारण ती खरेदी अजून व्हायची असते.

मेलेली वही ओळखणं सोपं आहे. ‘जबाबदार’ रकान्यात ‘सर्व’ असं लिहिलेलं असतं, ‘काम’ या रकान्यात ‘लक्ष ठेवणे’, सगळ्या शक्यता ‘मध्यम’ असतात आणि शेवटची तारीख भूमिपूजनाच्या आठवड्यातली. जिवंत वहीत खाडाखोड असते आणि संपलेल्या ओळी पुसलेल्या नसतात, तारीख घालून आडव्या मारलेल्या असतात. पुढच्या वेळी शक्यता ठरवताना त्याच उपयोगी पडतात.

बाईंच्या घराचा पहिला स्लॅब झाल्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी सळईचा दर ६३.५० निघाला. ठेकेदार म्हणाला, “बाई, सगळा नऊ टन उचलू या. आता हे थांबत नाही.” बाईंनी वही उघडली. सावध दर ओलांडल्यावरचं काम तिथे लिहिलेलं होतं: फक्त पुढच्या स्लॅबचा माल घ्यायचा. पाच टन घेतले, चार ठेवले. महिन्याभराने दर ५८ वर आला.

आता मागे वळून पाहिलं तर तो पाच टनांचा सौदा महाग पडला असं कुणीही म्हणेल. किलोला साडेपाच रुपये, म्हणजे २७,५०० रुपये वाचले असते. पण त्या शनिवारी ५८ कुणाला दिसत नव्हते, आणि ६९ झाले असते तर तेवढेच पैसे वाचले असते. वहीने अचूक भाव सांगितला नाही, तो तिचा विषयच नव्हता. तिने सगळा नऊ टन घेऊ दिला नाही, आणि म्हणून उरलेले चार टन ५८ ला मिळाले. ठेकेदाराने नऊ टनांचं ऐकायला लावलं असतं, तर त्या चार टनांवरही प्रत्येकी साडेपाच हजारांप्रमाणे २२,००० रुपये जास्त गेले असते.

चार टनांची गाडी उतरली, सळया मोजून झाल्या. बाईंनी सळईच्या ओळीत ‘शिल्लक’खाली शून्य लिहिलं, तारीख घातली आणि लाल पेनने ओळ आडवी मारली. मग पान उलटून ठेकेदाराला विचारलं, “तांब्याच्या वायरचा दर या शनिवारी विचारलास का?”